घरचे सहा पाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यासमोर मी दूध मापून घेते, कुणी पाचशेची नोट दिली तर ती उजेडात धरते, आणि नवरा "आलोच पाच मिनिटांत" म्हणाला की आधी घड्याळ बघते. या स्वभावानं मला बऱ्याचदा वाचवलं, म्हणून मी त्याला कधी आवर घातला नाही. एका माणसाच्या बाबतीत मात्र त्यानं मला तोंडघशी पाडलं.

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर माझी बेकरी आहे. पुढं काचेचं काउंटर, मागं भट्टी. भट्टी चाचांची, म्हणजे मालकी माझी पण राज्य त्यांचं. माझ्या सासऱ्यांच्या काळापासून ते इथं पाव भाजतात. पहाटे एक घाणा, दुपारी दुसरा. दुपारचा पाव पाचच्या सुमाराला काउंटरवर येतो आणि सहाला कारखाने सुटले की मोटारसायकली रांगेनं थांबतात. नवरा सळयांच्या कारखान्यात आहे, त्यामुळं दुकान मीच बघते.

पाव त्या दिवशी मऊ असतो. दुसऱ्या दिवशी तोच पाव कुणी हातात धरत नाही, आणि पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. रोज दोन-तीन ट्रे उरायचे. एक शेळ्यावाला सकाळी येऊन ते पोत्यात भरून न्यायचा. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, धान्य वाया गेलेलं मला बघवत नाही.

म्हणून एक दिवस मी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'सातनंतर लादी निम्म्या भावात.'

चाचांनी पुठ्ठा वाचला आणि मान हलवली. "ताई, भाव नका पाडू. लोकायला सवय लागती. उरलेल्याचे टोस्ट करू ना. भट्टी तशीबी रात्रभर गरमच राहती, फुकट जाती."

मला लगेच वास आला. टोस्ट म्हणजे तूप, साखर, वेलदोडा, आणि वर चाचांचे जास्तीचे तास. म्हातारा पगार वाढवून मागायची तयारी करून राह्यलाय, असं मी मनाशी म्हटलं. तोंडानं मी फक्त "बघू" म्हणाले.

पहिला आठवडा मी खुशीत होते. सातला झुंबड, साडेसातला ट्रे रिकामे. शेळ्यावाल्याला मी हात हलवून परत पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की सहाच्या मोटारसायकली थांबतच नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं सहाला पूर्ण पैसे देऊन गरम पाव नेला, ते आता रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसायचे आणि तिथून माझ्याकडं बघायचे. सातला उठून यायचे, आणि तीच लादी अर्ध्या पैशात न्यायचे. उरलेले दोन ट्रे खपवायच्या नादात मी अख्खी संध्याकाळ निम्म्या भावात विकायला लागले होते.

मी पुठ्ठा फाडून टाकला. पण उरलेल्याचा प्रश्न होताच. मग मी डोकं चालवलं. वेळ सांगायचीच नाही. एखाद्या दिवशी सातला भाव पाडायचा, एखाद्या दिवशी साडेसातला, कधी दोन-दोन दिवस पाडायचाच नाही. आपोआप लोक वाट बघणं सोडतील.

सोडलं नाही. ज्या दिवशी मी भाव पाडायची, त्या दिवशी तोंडातून शब्द निघायच्या आत माणसं रस्ता ओलांडून यायची. ज्या दिवशी पाडायचा नसायचा, त्या दिवशी चहा पिऊन घरी जायची. एकदा झालं तर योगायोग म्हणू. रोज?

कुणीतरी आतली खबर देत होतं. आणि आत होतं कोण? मी आणि चाचा. दुपारी मीच त्यांना विचारायची, "आज किती उरेल वाटतं? सातला करू का कमी?" आणि सहा वाजता चाचा अंग पुसून त्याच टपरीवर चहाला जायचे. खिशात मोबाईल.

एकदा डोक्यात हे शिरलं आणि मग मला सगळंच दिसायला लागलं. चाचा टपरीवाल्याशी हसले, की मला खटकायचं. चाचा फोनवर हळू बोलले, की मला खटकायचं. मी खात्री करायचं ठरवलं. एका दुपारी मुद्दाम खोटंच सांगितलं, "चाचा, आज बरोबर सातला निम्मा भाव." आणि भाव पाडलाच नाही. सात वाजले, सव्वासात झाले, टपरीवरून एकही माणूस उठला नाही.

शहाण्या बाईला एवढ्यावरून कळलं असतं. खबर चाचा देत असते तर त्या दिवशी रांग लागली असती. पण मला काय वाटलं? म्हातारा सावध झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना काउंटरशी बोलावलं. "चाचा, चहाला जाता तेव्हा तिथं काय सांगता?"

"काय सांगतो, ताई?"

"भाव कधी पडणार ते. लोकांना आधी कसं कळतं मग?"

त्यांनी पिठाचे हात टॉवेलला पुसले, मोबाईल काढला आणि काचेवर ठेवला. "बघा. कोणाला फोन लावला, बघून घ्या."

दुसरी एखादी असती तर लाजून मागं सरली असती. मी तो उचलला आणि बघितला. लेकीचे फोन होते, मैदावाल्याचे होते, दुसरं काही नव्हतं.

"पुसले असतील," मी म्हणाले.

चाचांनी मोबाईल खिशात घातला, भट्टीचं दार लावलं, टॉवेल खिळ्याला अडकवला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी दुसऱ्या बेकरीतून पाव आणून काउंटरवर मांडला. गिऱ्हाइकं एक घास खाऊन विचारायची, "चाचा कुठं गेले?" मी सांगायची, गावाला गेलेत.

नवरा म्हणाला, "चाचा असं करणार न्हाईत. तुझं काहीतरी चुकून राह्यलंय."

मला चीड आली. म्हटलं, चोर पकडूनच दाखवते. चाचा नव्हते, तरी लोक बरोबर वेळेला येतच होते. म्हणजे त्यांनी टपरीवर कुणालातरी तयार करून ठेवलं असणार. नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी मी त्याला काउंटरवर बसवलं. सगळं पढवलं, "सात वाजले की आधी घरचे सहा पाव बांधून ठेव, मग भाव कमी कर." आणि मी स्कूटीवर बायका बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधून टपरीवर जाऊन बसले.

आपलं दुकान मी रस्त्याच्या त्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. टपरी अंधारात आणि समोर माझं काउंटर ट्यूबलाईटच्या उजेडात. आतला माणूस नाक खाजवतो ते सुद्धा दिसत होतं. बाकावर माझ्या शेजारी बियाण्याच्या कारखान्यात काम करणारी एक बाई बसली होती, रोजची गिऱ्हाईक. तिनं मला ओळखलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, कोण फोन काढतं, कोण खूण करतं.

सात वाजले. नवऱ्यानं ट्रेमधून सहा पाव काढले, वर्तमानपत्र पसरलं आणि पुडा बांधायला घेतला.

बाकावरची माणसं एकदम उठली. त्या बाईनं कप ठेवला, पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चला, पाव घ्यायचा असंल तर. पुडा बांधला."

"कशाचा पुडा?" मी विचारलं.

"बेकरीवाली ताई ज्या दिवशी भाव पाडती ना, त्या दिवशी आधी घरचा पुडा बांधून घेती. गर्दीत सगळं संपलं तर घरच्यायला कुठून? भाव न्हाई पाडायचा तर पुडा न्हाई. समद्यायला म्हाईत हाय. जल्दी चला."

ती रस्ता ओलांडून गेली. तिचं एकूण एक बोलणं खरं होतं. इतर दिवशी दुकान बंद करताना राहिलेल्यातले पाव मी घरी न्यायची. भाव पाडायच्या दिवशी मात्र मला भीती वाटायची, की ही माणसं मला सहा पावही ठेवणार नाहीत. म्हणून आधी बाजूला काढायचे, तेही भर उजेडात, शंभर डोळ्यांसमोर. खोटं सांगितलं त्या दिवशी भाव पाडायचाच नव्हता, म्हणून पुडा बांधला नव्हता, म्हणून कुणी आलं नव्हतं. खबर देणारी मीच होते. आणि मी एका म्हाताऱ्या माणसाचा मोबाईल तपासला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरून नवऱ्यानं हात केला तरी मी स्कार्फ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी पुड्याची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "माझं चुकलं."

"हो," ते म्हणाले.

आतून चहा आला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग टोस्टचं काय करता?"

ते परत आले. दुपारच्या घाण्यातून त्यांनी दोन ट्रे कमी केले. निम्मा भाव मी कायमचा बंद केला. सातला कुणी आलं आणि ट्रे रिकामा दिसला, की सांगायचं, "संपला, उद्या सहाला या." दोन-तीन आठवडे लोकांनी तोंडं वाकडी केली, काहीजण दुसऱ्या बेकरीकडं वळले, मग हळूहळू सहाच्या मोटारसायकली परत थांबायला लागल्या. तरी चार-सहा लाद्या उरतातच. दुसऱ्या दिवशी चाचा त्यांचे काप करतात. ताज्या पावाचा चुरा होतो, कालच्याचे काप नीट पडतात. तूप-साखर लावून ते रात्री गार होत जाणाऱ्या भट्टीत ठेवले की सकाळपर्यंत खणखणीत टोस्ट. बरणीत पंधरा दिवस टिकतात, म्हणून त्यांचा भाव पाडायची वेळच येत नाही. पुडा लादीपेक्षा महाग आहे. बियाण्याच्या कारखान्यातली ती बाई दर आठवड्याला पूर्ण पैसे देऊन नेते, आणि ते पाव तिनं आदल्या दिवशी निम्म्या भावात मागितले असते. घरचे सहा पाव मी आता पाचलाच, भट्टीपाशी बांधते.

चाचांनी पगार वाढवून मागितला नाही. मीच वाढवून दिला, तेव्हा "ठीक" म्हणाले.

फक्त एक झालं. ते परत आले त्या दिवसापासून, सहाला चहाला जाताना चाचा काउंटरशी थांबतात, खिशातून मोबाईल काढतात, माझ्यासमोर काचेवर ठेवतात आणि मग रस्ता ओलांडतात. मी पहिल्या दिवशी म्हटलं, "चाचा, नका ठेवू." रोज म्हणते. एकदा हात जोडले. ते रागावलेले नसतात, हसून बोलतात, टोस्ट कसे झाले विचारतात.

"राहू द्या, ताई," म्हणतात, आणि ठेवून जातात.