चाँदपाशा कागद उलटतात

उमरग्यात चाळीस वर्षं कपडे शिवलेल्या चाँदपाशांना एक खोड आहे. कुणाचाही नवा सदरा हाती आला, की ते आधी उलटा करतात. शिलाईचं खरंखोटं आतल्या बाजूला कळतं म्हणे.

बायकोला, नसीमबींना, केरळ दाखवायचं ठरलं, तेव्हा एजंट अमरसिंहानं पुढं ठेवलेला रंगीत कागदही त्यांनी उलटा केला. मागं मुंगीएवढी अक्षरं होती.

"मुन्नारला थ्री स्टार किंवा तत्सम हॉटेल. तत्सम कुणी ठरवायचं? नाव लिवा."

अमरसिंहानं नाव लिहिलं. चाँदपाशांनी तिथंच हॉटेलाला फोन लावला. ते मुन्नारपासून वीस किलोमीटर लांब निघालं.

"दुपारचं जेवण?"

"तुमचं तुम्ही, चाचा."

"हाउसबोटीचा एसी?"

"रात्री नऊ ते सकाळी सहा."

"अन् हिचा गुडघा धरला, जाणं रद्द झालं तर?"

"महिनाभर आधी सांगितलं तर पाव रक्कम कापतो, नंतर निम्मी. शेवटच्या पंधरा दिवसांत काहीच परत न्हाय."

चाँदपाशांना राग आला नाही. उसवत गेलेल्या टाक्यांची त्यांना लई गंमत वाटत होती.

"हॉटेल गावातलं द्या, अन् हे सगळं पुढच्या बाजूला लिवा. मग सही."

अमरसिंहानं लिहून दिलं. सही झाल्यावर त्यानं दार लोटलं आणि खणातून दुसराच रंगीत कागद काढला.

"चाचा, मेव्हण्यानं पुण्याच्या एजंटाकडून आमचं काश्मीर ठरवलंय. जरा उलटून बघता का?"