तीन तास माझे नव्हते

हॉटेलच्या लॉन्ड्रीत नोकरी लागल्यापासून मला एक खोड आहे. महिनाअखेरी हजेरीपत्रक ऑफिसात जायच्या आधी मी त्याचा मोबाइलवर फोटो काढते. सगळे हसतात. हसोत बापडे!

त्या महिन्यात शेवटच्या आठवड्यात यात्रेकरूंची झुंबड होती आणि आम्ही चार दिवस तीन-तीन तास जास्त थांबून चादरी धुतल्या होत्या. पगाराची स्लिप आली तर तिच्यात ओव्हरटाइम सोळा तास. फोटोत माझ्या नावापुढे अठ्ठावीस. बारा तास गायब! माझं डोकं सणकलं.

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरी मी मॅनेजरला पत्र लिहायला बसले, तर बाबांनी लगेच चष्मा चढवला. ते निवृत्त हिंदी मास्तर. "अगं, आरंभी 'सविनय निवेदन' तर लिही." मग ते तीन ओळी नुसत्या विनयाच्याच सांगत बसले. मी त्या खोडल्या आणि फोटोतल्या तारखा एकेक करून उतरवायला घेतल्या. नऊ तारखेपाशी आले आणि हात थांबला. त्या दिवशी मी ओव्हरटाइमला थांबलेच नव्हते. मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. तरी तीन तास लिहिलेले!

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाशी चाचीला विचारलं. लॉन्ड्रीत सगळ्यांत जुनी तीच. ती खुशाल हसली. "हमहीं सुपरवाइजर से कहे रहे कि तू रुकी है. बिटिया का घंटा काहे मारा जाय?"

आता आली पंचाईत. ते तीन तास मागितले तर खोटं, आणि कबूल केले तर चाचीला बोलणी बसणार. वर मॅनेजर म्हणेल, एक नोंद खोटी तर बाकीच्या कशावरून खऱ्या? मला खरंच भीती वाटली. चाचीच म्हणाली, "सच लिख. हमको जो कहना हो, कह लें."

मी लिहिलं: शेवटच्या चार दिवसांचे बारा तास स्लिपमध्ये आलेले नाहीत, नऊ तारखेचे तीन तास माझे नाहीत, ते वजा करावेत, एकूण पंचवीस धरून राहिलेले नऊ द्यावेत. सोबत फोटो जोडला.

मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं. "घंटे कम करवाने की चिट्ठी पहली बार देखी," म्हणाला. मग सुपरवायझरला बोलावून, न बघता नोंद केल्याबद्दल झापलं, आणि आकडे तपासायला लावले. पगाराचे आकडे हजेरीपत्रकाच्या आधी, पंचवीस तारखेलाच हिशेबाला गेले होते, त्यामुळे नंतरचे तास साऱ्या लॉन्ड्रीचेच राहिले होते. पुढच्या स्लिपमध्ये ते थकबाकी म्हणून सगळ्यांना मिळाले. माझे नऊ. चाचीचे बारा!

त्यानंतर एकदा मी पाचला घरी निघाले, तेव्हा चाची सुपरवायझरला मोठ्याने सांगत होती, "इसका आज कुछ मत लिखिएगा साहब, नहीं तो चिट्ठी आ जाएगी!"

मी जिन्यापर्यंत हसत गेले.