कशाने येताय?

ताईच्या लग्नाची पाहुण्यांची यादी मी अकारविल्हे लावली आणि अर्ध्या तासाच्या त्या हौसेने लग्नाचं पार भजं केलं.

झालं असं. लॅपटॉपवरच्या त्या तक्त्यात एका रकान्यात घराचं नाव, शेजारी उत्तर म्हणजे येणार, नाही किंवा बघू, आणि त्याच्याशेजारी माणसं किती. मी फक्त नावांचा रकाना निवडून क्रम लावला. लॅपटॉपने अदबीने विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? मी आईच्या प्रश्नांना देतो तसं न वाचताच उत्तर दिलं. नावं हलली, उत्तरं जागच्या जागी राहिली. बेरीज बदलली नाही, म्हणून मला काही कळलंही नाही. फाइल जपून ठेवली, बंद केली आणि चहा प्यायलो.

पुढे आठवडाभर लोकांचे फोन येत राहिले. "आम्ही चौघं येतोय रे," असं कुणी म्हटलं की मी त्याच्या नावापुढे चार टाकायचो. त्याचे जुने चार मात्र भलत्याच्याच नावापुढे बसून राहिलेले. अशाने आकडा फुगत फुगत तीनशे बेचाळीसवर गेला. शनिवारी सकाळी ताई खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "आमच्या लॅबच्या मॅडम एकट्या राहतात. त्यांच्यापुढे सात जण कसे? आणि मामाकडून एकच? मामा मामीला घरी ठेवून येणार?"

तेव्हा कुठे मला घोळ कळला.

केटरिंगवाल्या काकांना मंगळवारी संध्याकाळपर्यंत पक्का आकडा द्यायचा होता. ताट साडेचारशेचं. सांगितलेल्या आकड्याचे पैसे भरायचेच, मग माणसं येवोत न येवोत. ऐनवेळी शंभरामागे पाच वाढले तर तोच दर, त्याहून वाढले तर दीडपट. बुकिंगच्या वेळी तीनशे माणसं धरून तीस टक्के दिले होते. आकडा ठरला की एकूण ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायचे आणि उरलेले जेवणानंतर. हॉल, मांडववाला, फोटोवाला यांचे हप्ते त्याच तक्त्यात तारखांसकट लागलेले. सगळे पैसे ताईचे. प्रयोगशाळेत सहा वर्षं नळ्या हलवून साठवलेले. त्याच खात्यात पंचवीस हजार होते, लग्नानंतरच्या भाड्याच्या खोलीची अनामत. बेचाळीस माणसं जास्तीची म्हणजे अठरा हजार नऊशे, आणि ते निघणार होते त्या खोलीतूनच.

"कमी सांगून टाकू," मी म्हणालो.

"आणि जेवण कमी पडलं की नवं येईपर्यंत तू गाशील का?" ताई म्हणाली. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी आपल्या मोठ्या बहिणीला फोन लावला. आमची आत्या मोठ्या इस्पितळात तेहतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. घरात तिला सगळे 'एक्स्चेंज' म्हणतात, तोंडावरसुद्धा. तिचं स्वतःचं लग्न चार माणसांत झालं, त्यात दोघं साक्षीदार. तिसरी मैत्रीण आणि चौथा टॅक्सीवाला, असं ती सांगते आणि स्वतःच हसते. तिचे यजमान गेल्यावर सगळ्यांना वाटलं ही आता खचणार. पण तिने आठवड्याभरात ड्युटी मागून घेतली. "घरी बसून कुणाशी बोलू, भिंतीशी?"

ती अकरा वाजता आली. चष्मा, पाण्याची बाटली, मानेमागे ठेवायला उशी. जेवणाच्या टेबलाशी ठाण मांडून म्हणाली, "किती घरं?"

"चौऱ्याण्णव."

"आणि त्यांना पुन्हा विचारायचं, पण तू घोळ घातलास हे कळू द्यायचं नाही."

"कळलं तरी चालेल, आत्या."

"तुला चालेल रे. ज्यांनी एकदा उत्तर दिलंय त्यांना वाटेल, आपलं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. ते नाही चालणार."

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नवा कोरा तक्ता उघडून बसलो. तिने पहिला फोन लावला आणि 'येणार ना?' असं विचारलंच नाही. तिने विचारलं, "मग कशाने येताय?"

पलीकडून गाडी, गाडीत बसणारी माणसं, मागे सीटवर आजी, असं सगळं बाहेर आलं. तिने पाच बोटं दाखवली. मी पाच टाकले.

"येणार का म्हटलं की लोक संकोचाने हो म्हणतात," फोन ठेवून ती म्हणाली. "कशाने येताय म्हटलं की जो यायचा नाही तो अडखळतो. मग मी म्हणते, अहो, लांबचा पल्ला आहे, नका दगदग करू. त्यालाही सुटल्यासारखं होतं."

तिच्यात खोड एकच, फोन आवरत नाही. एका दूरच्या वहिनीच्या गुडघ्यावर पाऊण तास गेला. मी घड्याळ दाखवलं तर मलाच म्हणाली, "गुडघा काय घड्याळ बघून दुखतो?" शनिवारी चाळीस घरं झाली. रविवारी आवाज बसला, तेव्हा आईने गरम पाणी दिलं आणि ती पुन्हा बसली. सोमवारी दुपारी शेवटचं घर झालं. मी बेरीज केली तर यादीतली नक्की माणसं दोनशे सत्तर. मग ती हळूच म्हणाली, "त्यात सहा वाढव."

"कोण सहा?"

"इस्पितळातल्या माझ्या दोघी मैत्रिणी आणि त्यांच्या घरचे. बोलता बोलता या म्हटलं गेलं."

"आत्या!"

"त्यांच्या ताटांचे मी देईन."

"एक पैसा द्यायचा नाही," स्वयंपाकघरातून ताई ओरडली. आठवड्यात पहिल्यांदाच ओरडली, आणि ती हसत होती.

'बघू' म्हणणारी तेरा माणसं उरली. दोनशे शहात्तरावर पाच टक्के म्हणजे तेरा, म्हणजे ती सगळी आली तरी दर तोच. मंगळवारी मी केटरिंगवाल्या काकांना दोनशे शहात्तर सांगितले. ते म्हणाले, "पक्का? मागच्या आठवड्यात तर तू साडेतीनशेच्या गप्पा मारत होतास."

"तेव्हा मी मोजत होतो," मी म्हणालो.

लग्नाला दोनशे एक्याऐंशी ताटं लागली. बघूवाल्यांतले पाच आले. अन्न वाया गेलं नाही, कमीही पडलं नाही. मी हिशेब लावून पाहिला, तीनशेच्या अंदाजापेक्षा साडेआठ हजार कमीच गेले होते. आत्या दाराशी उभी होती आणि आत येणारे तिला बघून थांबत होते. ज्या आवाजाशी ते फोनवर बोलले होते तो त्यांना आज दिसत होता. वहिनी लंगडत आल्या आणि आधी तिलाच भेटल्या. ताईने खोलीची अनामत ठरल्या दिवशी भरली. किल्ली हातात आल्यावर तिने पहिला फोन आत्याला केला, आम्हाला नाही. आम्ही रागावलो नाही. कसे रागावणार?

गेल्या आठवड्यात मी हप्त्यांचा तक्ता मिटवायला बसलो. हॉल पूर्ण, मांडववाला पूर्ण, फोटोवाला पूर्ण, केटरिंगवाले काका पूर्ण. शेवटी मी एक ओळ नवी घातली: आत्या, तीन दिवसांचा फोन, दोनशे चाळीस. तिच्या मोबाइलमधले तेवढे पैसे त्या तीन दिवसांत संपले होते, हे तिच्याच तोंडून निसटलं होतं. पैसे घेऊन तिच्या घरी गेलो. तिने पाकीट माझ्या खिशात परत कोंबलं.

"बस. कशाने आलास?"

"चालत."

"मग पाणी पी," ती म्हणाली, आणि तिचा फोन वाजला. मी बराच वेळ बसलो. पाकीट खिशातच राहिलं. तक्त्यात त्या ओळीपुढे अजून 'बाकी' आहे.