पहिला आठवडा, सहकुटुंब

वाटूर फाट्यावर सोमेश्वरभाऊंनी को-वर्किंग, म्हणजे लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी भाड्यानं बसायचं ठिकाण, काढलं. पुतणी शालूनं इन्स्टाग्रामवर लिहिलं, ‘डे पास दीडशे रुपये, वाय-फायसह. पहिल्या आठवड्यात एक दिवस मोफत. आधी नोंदणी आवश्यक.’

भाऊ भडकले. “आमंत्रणात अट? सोयरे तोंडात शेण घालतील!” नोंदणी खोडून त्यांनी ‘सहकुटुंब यावे’ टाकलं.

सोमवारी बाराही खुर्च्यांवर सोयरे मोबाइल चार्ज करत बसले. पास काढून आलेली सबा लॅपटॉप धरून उभीच. अकराला तिची ऑनलाइन मुलाखत.

“काका, यांना उठवा, न्हाई तर मी चालले!” शालू कडाडली.

“पाहुण्यांना उठवू?” भाऊ गरजले. तणतणत त्यांनी स्वतःची केबिन सबाला दिली. मग दारात स्टूल टाकून, नुकत्याच आलेल्या व्याह्यांवरच ओरडले, “लॅपटॉप न्हाई, मंग आले कशाला?”