‘अ‍ॅलर्जी नाही’ म्हणणारा कोड

अन्याय झाला तो आमच्या टीममधल्या सगळ्यात अनुभवी डेव्हलपरवर. गेल्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या उभ्याउभ्या बैठकीत, आम्हा सगळ्यांच्या देखत.

मी तिला ताई म्हणते. दोघी हैदराबादच्याच; ती बरकतपुऱ्याची, मी गौलीगुड्याची. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघी आणि पुण्याहून आलेला टीम लीड. त्या सकाळी लीड हसत म्हणाला, “ताईंच्या रिव्ह्यूमुळे रिलीज लटकतंय. आजपासून त्यांना रिव्ह्यूमधून मोकळं करतोय.”

मोकळं! हार घालायचा तेवढा राहिला होता.

आम्ही एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डॉक्टरच्या स्क्रीनवर पेशंटची माहिती दाखवणं हे आमचं काम. कोड लिहून देणारा एआय असिस्टंट आल्यापासून वेग वाढला, हे मी नाकारणार नाही. फॉर्म, डेटाबेसची तीच ती हमाली, पूर्वी ज्यात अख्खा दिवस जायचा, ती जेवणाच्या आधी उरकते. मीही वापरते. पण कोड ढिगाने येऊ लागला आणि रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून मंजूर करायला, माणसं तितकीच राहिली. मग लोकांनी वाचणंच सोडलं. तू माझा पास कर, मी तुझा करतो. याला आमच्याकडे टीमवर्क म्हणतात.

स्टँडअपच्या आदल्या आठवड्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने असिस्टंटकडून लिहून घेतलेला एक भलामोठा बदल पाठवला. पेशंटच्या अ‍ॅलर्जीची माहिती दुसऱ्या सर्व्हरवरून येते. तो सर्व्हर उत्तर देईना, तर काय करायचं? असिस्टंटने फार सफाईने लिहिलं होतं: चूक कुणाला न सांगता गिळून टाकायची आणि रिकामी यादी परत द्यायची. यादी रिकामी दिसली की स्क्रीन लिहिणार, ‘अ‍ॅलर्जी नाही’. कोड तपासणाऱ्या टेस्टही त्याच असिस्टंटकडून लिहून घेतलेल्या. सर्व्हर बंद पडला की रिकामी यादी येते ना, एवढंच त्या तपासत होत्या. येत होती. सगळं हिरवंगार, म्हणजे पास.

ताईने बदल अडवला. ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर्व्हर बंद असेल तर स्क्रीनवर तसं लिहा, असं तिने कोडखाली नोंदवलं.

लीड तिच्या टेबलाशी आला. “अहो ताई, टेस्ट पास आहेत ना सगळ्या?”

“टेस्ट त्यानेच लिहिल्यात. चोराकडूनच पंचनामा करून घेतलाय तुम्ही.”

“ओळ न् ओळ वाचत बसता. पोथी आहे का ती?”

“पोथीत ओळ चुकली तर कुणी मरत नाही.”

ज्याचा कोड, तो मध्येच म्हणाला, “काइकू टेन्शन लेतीं दीदी? मशीन लिखी, मशीनइच जाँची. चलो, चाय पीको आएंगे.” सगळे हसले. ताई नाही हसली.

सोमवारी तिला ‘मोकळं’ केल्यावर लीडने तिच्या आक्षेपावर ‘निकाली’ अशी खूण केली. कोडची एक ओळही न बदलता. दुसऱ्या एकाने चहा निवायच्या आत मंजुरी दिली.

त्याच आठवड्यात अ‍ॅलर्जीचा सर्व्हर भर दुपारी काही वेळ बंद पडला. स्क्रीनवर सगळ्या पेशंटांना ‘अ‍ॅलर्जी नाही’. एका नर्सने इंजेक्शन देण्याआधी सवयीने विचारलं, “कुठलं औषध सोसत नाही का?” पेशंट म्हणाला, पेनिसिलिनने अंग सुजतं. इंजेक्शन थांबलं. तो माणूस वाचला तो त्या नर्सच्या एका प्रश्नामुळे. आमच्या वेगाचा त्यात काडीचाही हातभार नाही.

हॉस्पिटलने जाब विचारला, तेव्हा लीड थंडपणे म्हणाला, “रिव्ह्यूमध्ये सुटलं.” आणि रिव्ह्यू कुणाचा? तर ताईचा. आता तिला नोटीस मिळाली आहे. तिच्यावर आरोप दोन: रिव्ह्यूला वेळ लावते आणि रिव्ह्यूत चुका सोडते. हे दोन्ही एकाच कागदावर लिहिताना एचआरला हसू कसं आलं नाही?

या शुक्रवारी तिची सुनावणी आहे. नोकरी जाईल किंवा राहील. कोडखालची नोंद दाखवली, तर लीड म्हणतो, ते तोंडी बोलून मिटलं होतं. मिटलं नव्हतं. तिथे आम्ही सगळे होतो. चहाला नेणाऱ्या त्या पठ्ठ्याला मी विचारलं, तर म्हणाला, “मेरा नाम नक्को डालो.” मंजुरीच्या बटणावर मात्र या सगळ्यांना आपलं नाव चालतं!

मी माझं निवेदन सहीसकट दिलं आहे. एकटीचं पुरणार नाही. तुम्ही त्या स्टँडअपला उभे होतात, तर शुक्रवारच्या आत दोन ओळी लिहा: ताईने अडवलं होतं, लीडने तिला बाजूला केलं. खाली स्वतःचं नाव घाला. आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या कंपनीत हेच काम करत असाल, तर आज तुमच्यासमोर मंजुरीसाठी आलेला कोड उघडा आणि वाचा. वाचून झाला नसेल तर मंजुरी देऊ नका.