मागच्या रस्त्याचं गेट

दवाखान्यानं मला दगा दिला आणि मी माझ्या बायकोला. दोन्ही एकाच दुपारी झालं.

सेलूहून वर्ध्याकडे निघालो तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा हात उचलला जात नव्हता. शेजारी म्हणाले, १०८ला फोन करा. मी म्हणालो, त्यांची गाडी येईपर्यंत आम्ही पोचलेले असू. धाकटा भाऊ गाडी चालवत होता, मी मागे तिला धरून बसलो होतो. मोबाइलच्या नकाशात दवाखान्याचं नाव टाकलं होतं. नकाशानं अगदी पत्त्यावर आणून सोडलं. मोठी कमान, वर दवाखान्याचं नाव आणि खाली कुलूप लावलेलं गेट.

आतून चौकीदार म्हणाला, "इकडून नाई भाऊ. हे ओपीडीचं गेट, दुपारी बंद होते. इमर्जन्सी मागच्या रोडनं हाय. पुढून डावीकडं वळा."

मी तीस वर्षं जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. या धंद्यात समोरच्याचं पहिलं उत्तर कधी खरं धरत नाहीत. 'नाही' म्हटलं की अजून ओढायचं. मी गाडीतून उतरलो.

"काऊन, हा दवाखाना नाई काय? खोल गेट!"

"खोललं तरी समोर पायऱ्या हायत. इथं स्ट्रेचर नाई येत."

"मले कटवून राह्यला काय? तुह्या साहेबाले बोलाव."

"साहेब बी हेच सांगन. पेशंटले घेऊन जा ना लवकर!"

मी गेट धरून हलवलं. त्याला शिवी दिली. शेवटी भावानं हॉर्न दाबला आणि ओरडला, "दादा, सौदा करून राह्यला काय? वहिनीकडं पाहा!"

चौकीदारानं सांगितलं तसंच निघालं. डावीकडे वळून इमारतीच्या मागे गेलो, तर लाल पाटी आणि उघडं दार. स्ट्रेचर लगेच आलं. नर्सनं पहिलं विचारलं, "शेवटच्या बऱ्या कधी दिसल्या?" वेळ लिहून घेतली आणि तिला थेट सीटी स्कॅनला नेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. नंतर मी डॉक्टरांना गेटावरची मिनिटं सांगितली. ते म्हणाले, "जितकं लवकर तितकं बरं. तेवढ्यानं किती फरक पडला, ते कोणी सांगू शकत नाही."

ती आता बोलते, चालते. ब्लाउजचे हुक मात्र सूनबाई लावून देते. एकदा तिनं विचारलं, "त्या मोठ्या गेटावर तुम्ही कोणावर ओरडून राह्यले होते?"

"रस्ता विचारत होतो," मी म्हणालो. ती 'बरं' म्हणाली. त्या चौकीदाराचीही माफी मी अजून मागितलेली नाही.

त्या कमानीवर आजही साधा बाण नाही. मी दवाखान्याला लेखी अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. उत्तर आलं नाही. माझ्या मिनिटांचा जबाब मी बायकोला देईन, द्यावाच लागेल. पण बंद गेटावर 'इमर्जन्सी मागे' एवढे दोन शब्द का लिहिले नाहीत, याचा जबाब दवाखान्याच्या मालकांनी मला द्यावा, आणि आधी द्यावा.