पाल हलत नाही

कल्पना करा, एका कादंबरीतली प्रत्येक पाल तुम्हाला शोधायची आहे. पीडीएफमध्ये 'पाल' टाइप केलं की आधी पालक येतात, पालखी येते, पालेभाज्याही येतात. ते गाळलं की भिंतीवरची उरते. मग तिच्याकडे नीट बघत बसायचं. तिचं पोट, बोटं, शेपूट, सगळंच.

योगिनी गांगुर्डेला हेच काम मिळालं होतं. ती कळवणची, नाशकात एम.ए. मराठी करणारी. ट्यूबलाइटमागे पाल दिसली तर ताट उचलून पॅसेजमध्ये जेवणारी. तिचे मार्गदर्शक रायते सर यांनी प्रकरणाचं शीर्षकही आयतं दिलं होतं: 'पाल: मृत्यूची चाहूल'. सोमवारी त्यांची सही मिळाली नाही, तर प्रबंध जमा होणार नव्हता आणि वर्ष वाया जाणार होतं.

कादंबरी भागीची. सुरगाण्याकडून नवऱ्याबरोबर, निवृत्तीबरोबर, ती द्राक्षबागेत कामाला येते. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या पालात राहते आणि मालकाच्या बंगल्यावर भांडी घासते.

म्हणजे शोधात ही ताडपत्रीची पालंही आली. 'पाल उडालं', 'पालात' असं दिसलं की योगिनी ते वेगळं काढायची. 'मुकादमाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली' हे वाक्यही तिनं बाजूला ठेवलं. तिथं भिंतच नव्हती, तर पाल कुठून येणार? ती नुसती बोलण्यातली सवय.

उरल्या त्या खऱ्या पाली, आणि त्यांनी तिची भूक मारली. पहिली दुधाच्या पातेल्यात पडते. फुगलेली, पांढरट पोट वर. मालकीणबाई शहारून मागे सरतात, 'अंग चोरून' उभ्या राहतात आणि भागीला म्हणतात, "दूध फेकू नको. पालावर ने."

योगिनीनं त्या दिवशी चहा मोरीत ओतला.

"बये, पाल म्हणजे पाल," तिची रूममेट संजना म्हणाली. "स्वयंपाकघरात पडतेच. लेखकाला दूध नासवायचं होतं, नासवलं."

"मग झुरळ का नाही टाकलं?"

"तू जेवू देणार आहेस का मला?"

पण संजनाचं एका जागी बरोबर होतं. गोठ्याच्या वर्णनात एक पाल नुसतीच आहे. तिच्यामुळे काही घडत नाही, कुणी तिच्याकडे बघतही नाही. योगिनीनं तिच्यापुढे लिहिलं, 'पाल.' दुसरीकडे तुटलेली शेपूट वळवळते आणि भागीचा मुलगा खिदळतो. शेवटाकडे भागी मालकीणबाईंच्या हातात ताट देते. पाल कुठेच नाही. पण बाई पुन्हा अंग चोरतात. शब्द तेच, पातेल्यापाशी होते ते.

सोमवारी रायते सरांनी पानं चाळली आणि तोंड वाकडं केलं. "चिरफाड केलीस गं. प्रतीक असं मोजतात का?"

"सर, निवृत्ती मरतो त्या प्रकरणात एकही पाल नाही."

"गैरहजेरीसुद्धा सूचक असते!"

"पाल आली तरी मृत्यू, नाही आली तरी मृत्यू? मग ती येते कशाला, सर?"

सरांनी चष्मा काढला. योगिनीला वाटलं, गेली सही.

"मग तुझी पाल म्हणजे काय? सांग एका शब्दात."

"एका शब्दात नाही बसत. दुधात ती किळस आहे, आणि बाई ती किळस भागीच्या पालावर पाठवतात. ताटाच्या वेळी किळस थेट भागीचीच येते. म्हणून ही दोन ठिकाणं जोडता येतात. शेपटीच्या वेळी तीच किळस पोराचा खेळ होते. गोठ्यातली नुसती पाल. सगळीकडे एकच अर्थ लावला तर दुधातली घाण पुसली जाते, सर. मृत्यू म्हटलं की कसं स्वच्छ वाटतं."

सरांनी कादंबरीचं शेवटचं पान उघडलं. निवृत्ती गेल्यावर भागी बागेच्या कडेला परतते. तिथं रिकामं पाल उभं आहे. त्याच्या बांबूवर एक पाल चढताना तिला दिसते. आणि शेवटची ओळ: 'वारा सुटलाय. पाल हलत नाही.'

"'हललं नाही' म्हटलं असतं तर ताडपत्री, 'हलली नाही' म्हटलं असतं तर ती भिंतीवरची," सर म्हणाले. "इथे लेखकानं कुठलीच खूण ठेवलेली नाही. ही कुठली?"

"माहीत नाही, सर. तसंच लिहू?"

"बाह्य परीक्षक फाडून खाईल." त्यांनी शीर्षकावर काट मारली आणि खाली सही केली. "लिही."

रूमवर ट्यूबलाइटमागे ती होतीच, पिवळट गळा धपापणारी. तरी ताट घेऊन योगिनी या वेळी आतच बसली आणि एकटक वर बघत राहिली. भागीनं शेवटी कशाकडे बघितलं असेल? तिच्या घराकडे, की घरात शिरलेल्या त्या किळसेकडे?